आमिष नसलेल्या लेनमध्येही बँड: माझ्या को-आयपीचा अर्थ काय लावावा?

मृण्मयी_क

माझ्याकडे दोन प्रथिने आहेत. दोन्ही केंद्रकात असतात आणि दोन्ही डीएनएला बांधली जातात. त्यांना इथे क आणि ख म्हणते. क ला फ्लॅग टॅग आणि ख ला एचए टॅग लावून दोन्ही एचईके २९३टी पेशींत एकत्र व्यक्त केली, लायसेटमधून फ्लॅग बीड्सवर आमिष म्हणून क ओढला आणि त्यासोबत सावज, म्हणजे ख, येतो का हे पाहण्यासाठी एचए प्रतिपिंडाने ब्लॉट केला. ख चा बँड स्पष्ट दिसला. शेजारच्या लेनमध्ये क ऐवजी रिकामा व्हेक्टर आणि तोच ख होता, तिथेही त्याच जागी फिकट बँड आला.

तपशील असे. लायसिस बफरमध्ये ५० मिलिमोलर ट्रिस, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराईड, १ मिलिमोलर ईडीटीए आणि १ टक्का एनपी-४० आहे. पेशी फोडल्यावर थोडे सोनिकेशन केले, कारण त्याशिवाय क चा बराचसा भाग गाळात जात होता. प्रत्येक आयपीसाठी १ मिलिग्रॅम लायसेट घेतले, तीन वॉश दिले, बीड्स एसडीएस बफरमध्ये उकळले आणि त्यातला अर्धा भाग जेलवर चढवला. इनपुट २० मायक्रोग्रॅम आहे. ख चे वजन साधारण ५२ किलोडाल्टन आहे.

माझ्या मार्गदर्शकांच्या मते मुख्य लेन नियंत्रण लेनपेक्षा गडद आहे, तेव्हा आंतरक्रिया सिद्ध झाली. मला ते पटत नाही, पण नेमके का पटत नाही हे मांडताही येत नाही.

रसायनवाला

५२ किलोडाल्टन म्हणजे हा प्रतिपिंडाची जड साखळी असणार. ती ५० च्या आसपास येतेच. बीड्स उकळलेत तेव्हा ती सुटून आली. प्रश्न मिटला.

शीतगृह_४

मिटला नाही, कारण जड साखळी असती तर ती दोन्ही लेनमध्ये सारखीच गडद दिसली असती. बीड्स दोन्हीकडे सारखेच घातलेले आहेत.

शंका मात्र रास्त आहे आणि ती एका लेनने तपासता येते. क आहे आणि ख अजिबात नाही अशा पेशींचे आयपी त्याच जेलवर चालवा. तिथेही ५२ ला बँड दिसला तर तो साखळीचा किंवा दुय्यम प्रतिपिंडाच्या गोंधळाचा. नाही दिसला तर नियंत्रण लेनमधला बँड खरोखर ख आहे आणि तो बीड्सना चिकटतो आहे. ही लेन मृण्मयींच्या यादीत नाही. दुसरा प्रश्न असा की एचए प्रतिपिंड कोणत्या प्राण्याचे आहे?

मृण्मयी_क

सशाचे. फ्लॅग बीड्सवरचे प्रतिपिंड उंदराचे आहे आणि बीड्सना सहसंयोजी बंधाने जोडलेले आहे. ख नसलेली लेन ठेवली नव्हती, हे मान्य करते.

रसायनवाला

उंदीर आणि ससा असे वेगळे असतील तर माझे म्हणणे अर्धे मागे घेतो. अर्धेच, कारण दुय्यम प्रतिपिंडे जाहिरातीत म्हणतात तितकी निवडक नसतात.

जुना_पिपेट

मार्गदर्शकांनी 'गडद' हा शब्द वापरला आहे, त्याच्याजागी आधी आकडे ठेवू या. २० मायक्रोग्रॅम इनपुट म्हणजे आयपीत वापरलेल्या लायसेटचे २ टक्के. मुख्य लेनमधला ख चा बँड इनपुटच्या तुलनेत किती आहे? नियंत्रण लेनमधला किती? फिल्मवर नव्हे, कॅमेऱ्यावर मोजा, आणि बँड संपृक्त झालेला नाही याची खात्री करून मोजा.

मृण्मयी_क

मोजले. मुख्य लेनमधला बँड इनपुटच्या साधारण निम्मा आहे आणि नियंत्रण लेनमधला इनपुटच्या साधारण एक पंचमांश आहे.

जुना_पिपेट

तर हिशेब असा होतो. मुख्य लेनमध्ये एकूण ख पैकी १ टक्का आहे, आणि तुम्ही अर्धाच भाग चढवला, म्हणजे बीड्सवर एकूण २ टक्के ख आला. नियंत्रण लेनमध्ये ०.४ टक्के आहे, म्हणजे बीड्सवर ०.८ टक्के. क असताना २, क नसताना ०.८, फरक अडीच पटींचा. ब्लॉटवर नजरेला हा फरक पुष्कळ वाटतो, परंतु ज्या बँडला आपण आंतरक्रिया म्हणतो आहोत त्यातला चाळीस टक्के भाग क शिवायही येतो हे एकदा लिहून पाहिले की उत्साह आपोआप उतरतो.

२ टक्के हा आकडा लहान आहे म्हणून तो निकालात काढू नये. सौम्य किंवा क्षणिक आंतरक्रियेत वॉशच्या वेळातच बरेचसे प्रथिन सुटून जाते, आणि ख अति व्यक्त केला असेल तर त्याचा मोठा भाग जोडीदाराविना असणारच. मला खटकतो तो ०.८.

बफरबहाद्दर

०.८ घालवणे सोपे आहे. मीठ ३०० मिलिमोलर करा, नाहीतर सरळ रिपा बफर वापरा. आमच्याकडे नियंत्रण लेन कायम कोरी असते.

शीतगृह_४

रिपामध्ये एसडीएस आणि डीऑक्सिकोलेट असते. त्यात नियंत्रण लेन कोरी होईल, आणि बऱ्याचदा मुख्य लेनही. मग 'आंतरक्रिया नाही' असा निष्कर्ष निघेल, जो खरे तर डिटर्जंटविषयीचा निष्कर्ष असेल.

बफरबहाद्दर

जी आंतरक्रिया ३०० मिलिमोलर मिठात टिकत नाही तिच्यावर शोधनिबंध लिहावाच कशाला?

शीतगृह_४

कारण पेशीत ३०० मिलिमोलर सोडियम क्लोराईड नसते. भारांच्या आकर्षणावर टिकून असलेल्या कितीतरी खऱ्या जोड्या त्या मिठात सुटतात. उलट जलद्वेषी पृष्ठभागांमुळे झालेली खोटी चिकट मीठ वाढवल्यावर आणखी घट्ट होऊ शकते. मीठ म्हणजे खऱ्या-खोट्याची चाळणी नव्हे.

जुना_पिपेट

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण मी एक अट घालीन. मीठ, डिटर्जंट आणि वॉशची संख्या ही नियंत्रण लेन पाहून ठरवावी, मुख्य लेन पाहून नव्हे. आणि एकदा ठरली की सगळ्या लेनना आणि सगळ्या पुनरावृत्तींना तीच. मुख्य बँड हवा तसा दिसेपर्यंत बफर बदलत राहिलात तर त्या ब्लॉटचा पुरावा म्हणून उपयोग संपतो.

मृण्मयींसाठी मात्र मीठाच्या आधीचा उपाय आहे. उकळू नका. एसडीएसमध्ये उकळल्यावर बीड्सवरचे सगळे सुटते: फ्लॅगमुळे आलेले, अगॅरोजला चिकटलेले, नळीच्या भिंतीवर बसलेलेही. त्याऐवजी ३x फ्लॅग पेप्टाइडने सोडवा. पेप्टाइड क ला प्रतिपिंडावरून हुसकावते आणि क बरोबर जे आले तेच प्रामुख्याने द्रावणात येते. बीड्सना नुसते चिकटलेले ख बरेचसे तिथेच राहते, प्रतिपिंडाच्या साखळ्याही राहतात. म्हणजे रसायनवाला यांची शंकाही त्याच फटक्यात जाते. आणि शेवटच्या वॉशआधी बीड्स नव्या नळीत हलवा. हे क्षुल्लक वाटते, पण नळीच्या भिंतीने मला एके काळी चार महिने फसवले आहे.

आर्या

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण याच प्रश्नाचा आहे असे वाटते. मी टॅग न लावता, पेशीतल्या मूळ प्रथिनांवर काम करत होते. आमिषाविरुद्धचे प्रतिपिंड, नियंत्रण म्हणून सामान्य सशाचे आयजीजी. आयजीजीची लेन स्वच्छ, आमिषाची लेन झळझळीत, तीनही वेळा. नंतर आमिषाचे जनुक काढून टाकलेल्या पेशी मिळाल्या आणि त्यांत तेच प्रतिपिंड वापरले. आमिष अर्थातच नव्हते, आणि सावज तितकेच झळझळीत आले. प्रतिपिंड स्वतःच सावजाला ओळखत होते. आयजीजीने हे कधीच सांगितले नसते, कारण त्याला यातले काहीच ओळखता येत नव्हते.

सुपरनेटंट

यावरून पी५३ ची गोष्ट आठवते. हे प्रथिन १९७९ मध्ये पुढे आले तेच मुळी को-आयपीतून: एसव्ही४० विषाणूच्या लार्ज टी प्रतिजनाविरुद्धच्या सीरमने टी बरोबर पेशीतले ५३-५४ किलोडाल्टनचे एक प्रथिन खाली आणले. लेन आणि क्रॉफर्ड यांनी, तसेच लिन्झर आणि लेव्हीन यांनी त्या वर्षी ते मांडले. तिथेही पहिला प्रश्न आर्या म्हणतात तोच होता. ट्यूमर झालेल्या प्राण्यांच्या सीरममध्ये टी विरुद्धच्या प्रतिपिंडांसोबत या नव्या प्रथिनाविरुद्धचीही प्रतिपिंडे असू शकत होती, आणि तसे असेल तर दोन्ही प्रथिने एकमेकांना न शिवताही एकाच गाळात दिसली असती. म्हणून शुद्ध केलेल्या टी विरुद्ध तयार केलेल्या सीरमनेही तेच दिसणे याला वजन होते.

मृण्मयी_क

माझ्या बाबतीत फ्लॅग प्रतिपिंड ख ला ओळखत असेल का? तसे असेल तर ०.८ चा अर्थ लागतो.

जुना_पिपेट

शक्यता आहे, पण तुमची रिकाम्या व्हेक्टरची लेन तेच मोजते आहे. कारण काहीही असो, ०.८ ही क नसतानाची पार्श्वभूमी आहे. आर्यांच्या प्रयोगात जे काम जनुक काढलेल्या पेशींनी केले ते तुमच्याकडे रिकाम्या व्हेक्टरने केले आहे. तुमचे नियंत्रण चुकलेले नाही, ते फक्त अपुरे आहे.

अपुरे यासाठी की रिकाम्या लेनमधल्या बीड्सवर कोणतेही फ्लॅग प्रथिन नाही. अति व्यक्त केलेला क स्वतःच चिकट असेल, अर्धवट घडी पडलेला असेल, तर तो ख लाच काय, हाताला लागेल ते प्रथिन ओढून आणेल, आणि रिकामी लेन त्याबद्दल काही बोलणार नाही. त्यासाठी वेगळे फ्लॅग प्रथिन हवे.

बफरबहाद्दर

फ्लॅग-जीएफपी. सगळे तेच वापरतात.

जुना_पिपेट

सगळे वापरतात कारण ते कधीच काही ओढत नाही. जीएफपी अत्यंत विरघळणारे, शांत प्रथिन आहे. चिकट आमिषाची तुलना त्याच्याशी करणे म्हणजे परीक्षा सोपी करून घेणे. क च्या आकाराचे, केंद्रकातलेच, डीएनएला बांधले जाणारे आणि ख शी संबंध असण्याचे कारण नसलेले प्रथिन घ्या, आणि ते क इतकेच बीड्सवर येते आहे हे फ्लॅग ब्लॉटने दाखवा. दोन लेनमध्ये आमिष कमीजास्त असेल तर सावजाची तुलना व्यर्थ आहे.

निशांत_व

एवढा खटाटोप का? उलटे आयपी करा. एचए बीड्सवर ख ओढा आणि क येतो का पाहा. दोन्ही दिशांनी आले की संपले.

शीतगृह_४

दोन्ही दिशांनी आले तर एका विशिष्ट बीडची किंवा प्रतिपिंडाची चूक बऱ्यापैकी वगळता येते. एवढेच. क आणि ख दोघेही एकाच डीएनए तुकड्यावर शेजारी बसलेले असतील, तर ओढा कुठूनही, दुसरा येणारच. माळेतला कोणताही मणी उचलला तरी बाकीचे मणी येतात, म्हणून ते एकमेकांना चिकटलेले आहेत असे होत नाही. आणि इथे तर दोघेही डीएनएला बांधले जातात, शिवाय सोनिकेशनने क्रोमॅटिनचे तुकडे लायसेटमध्ये आलेले आहेत. मला या धाग्यातली सर्वांत मोठी शंका हीच वाटते.

मृण्मयी_क

ही शंका मलाही होती, म्हणून लायसेटला बर्फावर अर्धा तास बेन्झोनेज देऊन पाहिले होते. बँडमध्ये काहीच फरक पडला नाही. म्हणून डीएनएचा मुद्दा मी सुरुवातीला लिहिलाच नाही.

सुपरनेटंट

कोणत्या बफरमध्ये?

मृण्मयी_क

त्याच बफरमध्ये.

सुपरनेटंट

मग बेन्झोनेज चाललेच नाही. त्याला मॅग्नेशियम लागते, आणि तुमच्या बफरमध्ये १ मिलिमोलर ईडीटीए आहे, जे मॅग्नेशियम धरून ठेवते. प्रथिनभंजकरोधी गोळीही ईडीटीएवाली असेल तर त्यात आणखी भर. ईडीटीए नसलेला बफर घ्या, २ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराईड घाला, आणि मुख्य म्हणजे थोडे लायसेट बाजूला काढून त्यातले डीएनए अगॅरोज जेलवर बघा. एन्झाइम घातले याचा अर्थ डीएनए कापले गेले असा होत नाही.

बफरबहाद्दर यांच्यासाठी टीप: ३०० मिलिमोलर मिठात बेन्झोनेजही मंदावते.

बफरबहाद्दर

आज सगळे माझ्या मिठावर उठले आहेत.

निशांत_व

ठीक आहे, डीएनएचे मानले. पण समजा डीएनए गेल्यावरही बँड राहिला, तर मग तरी पेशीत आंतरक्रिया होते असे म्हणता येईल ना?

शीतगृह_४

लगेच नाही. पेशीत दोन प्रथिने वेगवेगळ्या कप्प्यांत असतील आणि आपण पेशी फोडल्यावर नळीतच त्यांची गाठ पडली असेल, असेही होते. यासाठी क एका थाळीत आणि ख दुसऱ्या थाळीत व्यक्त करून, लायसेट वेगवेगळे बनवून मग मिसळतात आणि आयपी करतात. मिसळताना प्रत्येकाची तीव्रता निम्मी होते, ती एकत्र व्यक्त केलेल्या लायसेटशी जुळवून घ्यावी लागते, नाहीतर कमी बँडचा अर्थ चुकतो.

मिसळलेल्या लायसेटमध्ये बँड आला नाही, तर जोडी पेशीतच जमली होती या म्हणण्याला बळ मिळते. आला, तर पेशीत जमत नाही असे सिद्ध होत नाही. फक्त या प्रयोगाला त्यातला भेद कळत नाही.

मृण्मयी_क

सगळ्यांचे आभार. सुचवलेले शक्य तितके करून परत येते.

मृण्मयी_क

पाच आठवड्यांनी परत येते आहे. ईडीटीए काढले, मॅग्नेशियम घातले, पाच वॉश, शेवटचा नव्या नळीत, पेप्टाइडने सोडवणूक. ख नसलेली लेन पूर्ण कोरी आली, त्यामुळे साखळीचा प्रश्न उरला नाही. क शी संबंध नसलेले केंद्रकातले फ्लॅग प्रथिन वापरले आणि ते क इतकेच बीड्सवर आले.

ख चे आकडे, एकूण ख च्या टक्क्यांत: रिकामी लेन ०.२, दुसरे फ्लॅग प्रथिन ०.२, क असताना १.८. बेन्झोनेज दिल्यावर क असताना ०.६, आणि रिकामी लेन ०.२ च. या वेळी डीएनए जेलवर लायसेटमध्ये लांब तुकडे दिसले नाहीत. मिसळलेल्या लायसेटमध्ये बेन्झोनेजशिवाय १.५ आले.

म्हणजे एक तृतीयांश आंतरक्रिया डीएनएवर अवलंबून नाही, असे लिहू का?

जुना_पिपेट

नियंत्रण आठ वरून दोन दशांशांवर आले, ते मीठ न वाढवता, याची नोंद घ्यावी.

एक तृतीयांश मात्र लिहू नका. पार्श्वभूमी दोन्हीकडून वजा करा: १.८ चे १.६ होतात आणि ०.६ चे ०.४. म्हणजे एक चतुर्थांश. किती पुनरावृत्ती झाल्या?

मृण्मयी_क

तीन स्वतंत्र ट्रान्सफेक्शन. बेन्झोनेजनंतर ०.६, ०.५ आणि ०.३. रिकामी लेन तिन्ही वेळा ०.२. वर मी पहिल्या वेळचे आकडे दिले.

शीतगृह_४

तर तिसऱ्या वेळी उरलेली आंतरक्रिया फक्त ०.१ आहे, म्हणजे पार्श्वभूमीच्याही निम्मी. एक चतुर्थांश हा आकडाही मग डळमळीत आहे. शिवाय प्रथिनांनी झाकलेले डीएनएचे छोटे तुकडे बेन्झोनेजपासून वाचतात आणि ते तुमच्या जेलवर दिसणार नाहीत. उरलेला बँड त्यांच्यामुळेही असू शकतो.

सुपरनेटंट

बेन्झोनेज आरएनएही कापते, तेव्हा गेलेला भाग डीएनएमुळे होता असेही थेट म्हणता येत नाही. न्यूक्लिइक आम्लावर अवलंबून, एवढेच म्हणा. आरनेज वेगळे देऊन बघता येईल.

निशांत_व

मग जीवाणूत बनवलेली शुद्ध क आणि ख घेऊन पुलडाउन करा आणि हा वाद संपवा.

शीतगृह_४

ते करावेच, पण जीवाणूंकडून आलेल्या प्रथिनांबरोबरही त्यांचे डीएनए चिकटून येते, आणि ही दोन्ही प्रथिने तर डीएनएवरच बसणारी आहेत. शुद्धीकरणात ते काढले नाही तर हाच धागा पुन्हा सुरू करावा लागेल.

मृण्मयी_क

मसुद्यात सध्या असे लिहिले आहे: 'अति व्यक्त केलेल्या अवस्थेत ख हे क सोबत को-इम्युनोप्रेसिपिटेट होते, या साहचर्याचा बहुतांश भाग न्यूक्लिइक आम्लावर अवलंबून आहे, उरलेला भाग थेट आंतरक्रियेचा आहे की नाही हे या प्रयोगांतून ठरवता येत नाही, आणि साहचर्य लायसिसनंतरही घडू शकते.' मार्गदर्शकांनी शेवटची दोन वाक्यांशे खोडून 'क आणि ख थेट बांधले जातात' असे लिहून परत पाठवले आहे.

रसायनवाला

त्यांना मिसळलेल्या लायसेटचा ब्लॉट छापून द्या, आणि त्यावर कोणती लेन कोणती हे लिहू नका. थेट बांधणी कुठली ते त्यांनी ओळखून दाखवावे.

जुना_पिपेट

विनोद म्हणून ठीक, पण प्रत्यक्षात त्यांना तीन पुनरावृत्तींचे आकडे एका तक्त्यात द्या, पार्श्वभूमी वजा न करता आणि करून, दोन्ही. आणि पुढच्या आयपीत इथिडियम ब्रोमाइडही घालून पाहा. ते डीएनएचा आकार बिघडवून प्रथिने सोडवते, कापण्यावर अवलंबून नाही. झाकलेल्या छोट्या तुकड्यांची शंका त्याने काही प्रमाणात तपासता येईल. तोही निकाल ०.३ च्या आसपास आला तर 'थेट' हा शब्द मसुद्यात ठेवायला माझा तरी विरोध राहील.

मृण्मयी_क

इथिडियम ब्रोमाइडची लेन या आठवड्यात लावते. त्यात रिकाम्या व्हेक्टरलाही तेच द्यायचे, बरोबर?

शीतगृह_४

हो. आणि ख नसलेल्या लेनलाही.